अंतराचं इंजेक्शन थांबवलंय, पाळी अजून नाही, दिवस कधी राहतात? (आणि जाऊबाईंच्या हाडांचा प्रश्न)

सांजवारा
नमस्कार, बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज लिहायची वेळ आली. वय २८, नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. मुलगी तीन वर्षांची आहे. ती दोन महिन्यांची असताना ग्रामीण रुग्णालयात अंतराचं इंजेक्शन सुरू केलं होतं, तीन महिन्यांनी एक, सगळे वेळेवर घेतले. शेवटचं १० फेब्रुवारीला. पुढचं मे महिन्यात होतं ते घेतलं नाही कारण आता दुसरं बाळ हवंय. आज ऑक्टोबर अर्धा संपला, पाळीचा पत्ता नाही. इंजेक्शन चालू असताना पहिल्या वर्षानंतर पाळी बंदच झाली होती, सिस्टर म्हणाल्या होत्या असं होतं, घाबरू नका. पण आता तर बंद केलंय ना. दोनदा घरी टेस्ट केली, निगेटिव्ह.
सासूबाईंचं म्हणणं त्या इंजेक्शननी पिशवी सुकली. एका खाजगी डॉक्टरांनी पाळी यायच्या गोळ्या दिल्यात पाच दिवसांच्या, अजून घेतल्या नाहीत. अजून किती थांबायचं हे कुणी नीट सांगेल का?
दुसरं म्हणजे माझ्या जाऊबाई, वय ४१, त्या सात वर्षं हेच इंजेक्शन घेतायत, आधी खाजगीत विकत घ्यायच्या. त्यांनी कुठेतरी व्हिडिओत ऐकलं की हाडं ठिसूळ होतात, तेव्हापासून झोप उडाली आहे त्यांची.

मोरपीस२१
काळजी करू नकोस गं, मला पण तीन इंजेक्शनं दिली होती, बीज फुटायचं शेवटचं, आणि दुसऱ्या सायकलला पॉझिटिव्ह आलं. फॉलिकलची सोनोग्राफी केली का तू?

सांजवारा
ताई ते वेगळं, ते दिवस राहण्यासाठी असतं. माझं न राहण्याचं होतं, कुटुंब नियोजनाचं.

पाटीलवाडा
माझ्या माहितीप्रमाणे हे इंजेक्शन दर दोन महिन्यांनी घ्यायचं असतं. आमच्या वहिनी दोन महिन्यांनीच जायच्या. तुम्हाला तीन महिन्यांनी कसं काय दिलं? आणि हिशोब असा आहे की जितकी वर्षं घेतलं तितके जास्त महिने लागतात शरीरातून निघायला, तुमचं जवळपास तीन वर्षं म्हणजे वेळ लागणारच. बाकी पिशवी सुकते वगैरे खोटं आहे, ते मनावर घेऊ नका.

सिस्टर_गोंदिया
मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, अंतरा सुरू झाल्यापासून म्हणजे २०१७ पासून हे इंजेक्शन देते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पाटीलवाडा, तुमच्या वहिनींचं इंजेक्शन बहुतेक दुसरं असणार. दोन महिन्यांनी घ्यायचं ते नॉरएथिस्टेरॉनवालं, २०० मिग्रॅ, आठ आठवड्यांचं. अंतरा म्हणजे डीएमपीए, १५० मिग्रॅ, दंडात किंवा कंबरेवर, आणि ते तेरा आठवड्यांचं. दोन्हीला लोक नुसतं तीन महिन्याचं नाहीतर दोन महिन्याचं इंजेक्शन म्हणतात आणि मग शेजारणी शेजारणींच्या तारखा जुळवत बसतात, तिथून गोंधळ सुरू होतो. कुपीवरचं नाव बघायचं, नाहीतर कार्ड बघायचं.

सांजवारा, तुझ्याच तारखेवर दाखवते, बाकीच्यांनाही उपयोग होईल. १० फेब्रुवारीला घेतलंस, तेरा आठवडे म्हणजे ९१ दिवस, पुढची तारीख येते १२ मे. आता गावाला लग्न आहे, बाळंतपणाला जायचंय, शेतात कापणी आहे म्हणून कुणाला लवकर हवं असेल तर १४ दिवस आधीपर्यंत देता येतं, म्हणजे २८ एप्रिलपासून. आणि उशीर झाला तर २८ दिवस उशिरापर्यंत, म्हणजे ९ जूनपर्यंत, काही तपासणी न करता सरळ देतो. लवकर दोन आठवडे, उशिरा चार आठवडे. पण हा उशीर अडचणीला ठेवायचा, दर वेळी चार आठवडे ताणायचे नाहीत. आणि इंजेक्शन ज्या दिवशी प्रत्यक्ष टोचलं त्या दिवसापासून पुढचे तेरा आठवडे मोजायचे, जुन्या ठरलेल्या तारखेपासून नाही, ही गडबड कार्डावरसुद्धा झालेली मी पाहिली आहे.

अजून एक, इंजेक्शन घेतल्यावर ती जागा चोळायची नाही आणि शेकायची नाही. घरी आल्यावर दुखतं म्हणून सासू किंवा आई गरम कपडा लावतात. त्याने औषध लवकर सुटतं आणि मग शेवटच्या आठवड्यांना कमी पडू शकतं.

वाटाड्या_७
सिस्टर, आमचाच प्रश्न आहे, विचारतो. बायकोची तारीख २ सप्टेंबर होती, ती माहेरी होती, आजारपण चाललं होतं, ७ ऑक्टोबरला गेलो तर तिथे सांगितलं उशीर झालाय, आता पाळी आल्यावर या. पण तिला दीड वर्ष पाळीच आलेली नाही या इंजेक्शनवर. मग येणार कधी? आम्हाला आता तिसरं नको आहे.

सिस्टर_गोंदिया
तुम्ही विचारलंत ते बरं झालं कारण इथेच बायका अडकतात. २ सप्टेंबरमध्ये २८ दिवस मिळवले की ३० सप्टेंबर. तुम्ही ७ ऑक्टोबरला गेलात म्हणजे पाच आठवडे उशीर, त्यामुळे सरळ टोचलं नाही इथपर्यंत ठीक. पण पाळी आल्यावर या असं सांगून पाठवलं तर ती पाळी दोन महिन्यांनी येईल नाहीतर सहा महिन्यांनी, आणि मधल्या काळात कसलंच संरक्षण नाही. पाळी नाही म्हणून दिवस राहणार नाहीत असं नसतं, बीज पहिल्या पाळीच्या आधीच सुटतं.
३० सप्टेंबरनंतर संबंध आलेच नसतील किंवा दर वेळी निरोध वापरला असेल तर लघवीची टेस्ट करून इंजेक्शन त्याच दिवशी देता येतं, पुढचे सात दिवस निरोध वापरायचा.

वाटाड्या_७
संबंध आलेत. एकदा तर मागच्या रविवारीच, म्हणजे तीन दिवस झाले. निरोध नव्हता.

सिस्टर_गोंदिया
मग आज उशीर करू नका. तीन दिवस म्हणजे अजून वेळ आहे, आणीबाणीची गोळी पाच दिवसांच्या आत चालते पण जितकी लवकर तितकी बरी. आशाताईंकडे असते, ईझी पिल म्हणून. आणि आजपासून निरोध. टेस्ट आत्ता निगेटिव्ह आली तरी रविवारचं त्यात कळणार नाही, तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा करा. इंजेक्शन आजच द्यायचं की ती दुसरी टेस्ट झाल्यावर हे तिथल्या डॉक्टरांनी ठरवायचं, दोन्ही करतात. समजा आज दिलं आणि पुढे दिवस राहिलेले निघाले तर त्या औषधाने बाळाला इजा झाल्याचं माहीत नाही, म्हणून त्या भीतीने तिला तीन महिने उघड्यावर सोडायची गरज नाही. "पाळी येईल तेव्हा या" असंच परत ऐकवलं तर शांतपणे विचारा की तोपर्यंत काय वापरायचं ते कार्डावर लिहून द्या.

डॉ_पिंपळपान
स्त्रीरोग विभागात बरीच वर्षं काढली आहेत. सिस्टरांनी तारखांचं उत्तम सांगितलंय त्यामुळे मी सांजवारा यांच्या मूळ प्रश्नाकडे येते.

हे औषध पाण्यात सहज विरघळत नाही. स्नायूत बारीक स्फटिकांचा साठा होतो आणि तो हळूहळू झिजत रक्तात उतरतो. तेरा आठवडे हा भरवशाचा काळ, म्हणजे अगदी प्रत्येकीत तोपर्यंत पुरेल असा. त्या दिवशी औषध संपतं असं नव्हे. रक्तात ते दिसेनासं व्हायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण १२० ते २०० दिवस लागतात, माणसागणिक वेगळं. त्यानंतर मेंदूकडून अंडाशयाला जाणारे निरोप पुन्हा सुरू होतात, मग बीज, मग पाळी.

तुमच्या बाबतीत १० फेब्रुवारीला २०० दिवस मिळवले तर ऑगस्टचा शेवट येतो. म्हणजे तुम्हाला वाटतंय की मे मध्ये थांबवलं आणि पाच महिने झाले, किंवा फेब्रुवारीपासून आठ महिने वाया गेले, पण तुमचं शरीर पूर्ण मोकळं होऊन कदाचित दीड महिनाच झाला असेल. हे मोजमाप डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते.

आकडे विचाराल तर, जुन्या अभ्यासात इंजेक्शन सोडून ज्यांना दिवस राहिले त्यांच्यात शेवटच्या इंजेक्शनपासून मधला आकडा १० महिन्यांचा आला, निम्म्या बायकांना त्याआधी आणि निम्म्यांना त्यानंतर. सगळ्यात लवकर ४ महिने आणि सगळ्यात उशीर ३१ महिने. बारा महिन्यांपर्यंत ६८ टक्के, पंधरा महिन्यांपर्यंत ८३, अठरा महिन्यांपर्यंत ९३. आणि पाटीलवाडा, जितकी वर्षं घेतलं तितका जास्त उशीर हे मात्र तपासून पाहिलंय आणि तसं आढळलं नाही. साठा फक्त शेवटच्या इंजेक्शनचा असतो, आधीचे कधीच निघून गेलेले असतात. एक वर्ष घेतलेली आणि पाच वर्षं घेतलेली या दोघींचा उशीर सारखाच.

पाटीलवाडा
बघितलेल्या दोन तीन उदाहरणांवरून लिहिलं होतं डॉक्टर. आमच्या नात्यातली एक आठ वर्षं घेत होती, तिला पावणेदोन वर्षं लागली.

डॉ_पिंपळपान
आठ वर्षं घेताना तिचं वय पण आठ वर्षांनी वाढलं ना. ३० ची ३८ झाली की कुठलंच इंजेक्शन न घेतासुद्धा वेळ जास्त लागतो. ते खातं वेगळं ठेवायचं.

निळाई
डॉक्टर, एक शंका. तुम्ही म्हणालात "ज्यांना दिवस राहिले त्यांच्यात". ज्यांना राहिलेच नाहीत त्या कुठे गेल्या मग या हिशोबात?

डॉ_पिंपळपान
चांगला प्रश्न आहे आणि आकडे वाचताना तो विचारलाच पाहिजे. त्या या टक्क्यांत नाहीत. म्हणून ९३ टक्के याचा अर्थ इंजेक्शन सोडणाऱ्या शंभरातल्या ९३ जणींना मूल होतंच असा घ्यायचा नाही. कुठल्याही साधनाशिवाय असलेल्या जोडप्यांतही काहींना अडचण असते, नवऱ्याकडून असते, थायरॉइड असतं, नळ्यांचं असतं. इंजेक्शनने कायमचं वांझपण येतं असं मात्र कुठेही सिद्ध झालेलं नाही, थायलंडमध्ये खूप बायकांवर हे पाहिलं गेलं आणि दोन वर्षांच्या आत त्या इतर साधनं सोडलेल्या बायकांच्या बरोबरीला आल्या.

कृष्णाकाठ
माझं सांगते. माझी शेवटची सुई श्रावणात, पुढच्या श्रावणात एकदा डाग दिसला मग दोन महिने काही नाही मग रेग्युलर झालं आणि त्यानंतर चौथ्या महिन्यात दिवस गेले. पण माझ्या नणंदेला पाळी न येताच दिवस गेले, तिला कळलंच नाही, इंजेक्शनमुळे पाळी नाही असं धरून बसली होती, पोट दिसायला लागल्यावर सोनोग्राफी केली. त्यामुळे सांजवारा तू टेस्ट करत रहा, महिन्या दीड महिन्याने एकदा.

सांजवारा
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, सासूबाईंना रात्री हे सगळं वाचून दाखवलं, त्यांना ते साठा झिजण्याचं पटलं. डॉक्टर मग त्या पाळी आणायच्या गोळ्या घेऊ का नको? आणि काही तपासण्या आत्ता करू का?

डॉ_पिंपळपान
इथे बसून तुमचं औषध बंद करा असं मी म्हणणार नाही, ज्यांनी दिलं त्यांना विचारा की कशासाठी. पण त्या गोळ्यांनी बीज लवकर सुटत नाही एवढं नक्की. त्या संपल्यावर रक्तस्राव झाला तर अस्तर थोडं तयार होतं एवढं कळतं. आणि रक्तस्राव झाला नाही तर पेशंट अजून घाबरते, कारण इंजेक्शननंतर अस्तर पातळच असतं.
तपासण्यांचं म्हणाल तर तुमचं वय २८, पाळी आधी नियमित होती, एक मूल आहे, म्हणून मी शेवटच्या इंजेक्शनपासून वर्ष होईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत थांबले असते. तोवर पाळी आलीच नाही तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी, आणि मिस्टरांची वीर्यतपासणी त्याच वेळी, नंतर नाही. तुम्ही पस्तिशीच्या पुढे असता तर एवढं थांबा म्हणाले नसते. शिवाय अंगावर पाजत नसताना छातीतून दूध येणं, खूप डोकं दुखून नजर अंधुक होणं, किंवा आधीच्या बाळंतपणात खूप रक्त जाऊन दूधच न येणं असं काही असेल तर फेब्रुवारीची वाट बघायची नाही, आत्ताच दाखवायचं. फॉलिक अॅसिड मात्र आजपासून सुरू करा, त्याला पाळीची वाट बघावी लागत नाही.

निळाई
हे सगळं इंजेक्शन सुरू करायच्या आधी कुणी सांगतं का पण? मला तर कुणी सांगितलं नव्हतं की थांबवल्यावर वर्ष लागू शकतं. ज्यांना दोन मुलांत दोन वर्षांचंच अंतर हवंय त्यांना हे आधी कळायला नको?

सिस्टर_गोंदिया
सांगायचं असतं आणि आम्ही सांगतो, पण ओपीडीत चाळीस बायका उभ्या असल्या की काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. मी एक साधी गोष्ट करते, सुरू करतानाच विचारते की पुढचं मूल कधी हवंय. उत्तर वर्षभरात असं आलं तर हे इंजेक्शन तिच्यासाठी नाही, तांबी किंवा गोळ्या सांगते, त्या सोडल्या की लवकर मोकळं होतं. दोन अडीच वर्षांनी म्हणाली तर मूल हवं त्या महिन्याच्या वर्षभर आधी शेवटचं इंजेक्शन घेऊन थांबायचं असं कार्डावरच पेन्सिलने लिहून ठेवते.

रेवाकाठची
मी वयाने तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या आईएवढी आहे. ऐंशीच्या दशकात या इंजेक्शनांच्या विरोधात स्त्रीसंघटनांनी सह्या गोळा केल्या, १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका गेली, ती त्या दोन महिन्यांच्या इंजेक्शनच्या चाचण्यांवर होती, बायकांना आपण प्रयोगात आहोत हेसुद्धा सांगितलं नव्हतं. तेव्हा आम्ही हेच म्हणत होतो जे निळाई आज म्हणते आहे, की माहिती देऊन संमती घ्या. डीएमपीए १९९३ ला बाजारात आलं पण सरकारी कार्यक्रमात यायला २०१७ उजाडलं.
हाडांबद्दल मात्र मला कुणी गोड बोलून समजावू नये. २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या इंजेक्शनच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा टाकायला लावला, हाडांची घनता कमी होते, दोन वर्षांपेक्षा जास्त वापरायचं तर दुसरी साधनं चालत नसतील तरच. आणि इथे सात सात वर्षं देतायत. सांजवाराच्या जाऊबाई घाबरल्या तर त्यात त्यांचं काय चुकलं?

डॉ_पिंपळपान
काही चुकलं नाही. ताई, तुमच्या चळवळीमुळे संमतीचा कागद आला हे मी मानते. हाडांबद्दलही इशारा खरा आहे. मी तो थोडा उलगडून सांगते.

हे इंजेक्शन अंडाशय शांत करतं, त्यामुळे इस्ट्रोजेन खाली जातं आणि हाडं इस्ट्रोजेनवर टिकतात. सलग पाच वर्षं घेतलेल्या बायकांत कंबरेच्या मणक्याची आणि खुब्याची घनता साधारण ५ ते ६ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. पण ही घट दर वर्षी सारखी नसते, सुरुवातीच्या दोन वर्षांत जास्त आणि मग मंदावते. आणि थांबवल्यावर परत भरते, मणक्यात लवकर, खुब्यात हळू, दोन तीन वर्षं लागतात. तुलनेला म्हणून सांगते, सहा महिने अंगावर पाजताना पण आईच्या हाडांतून ३ ते ५ टक्के जातं आणि पाजणं थांबल्यावर भरून येतं.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना १८ ते ४५ वयात वर्षांची मर्यादा घालत नाही. १८ च्या आत आणि ४५ च्या पुढे मात्र विचार करून द्या म्हणते. १८ च्या आत हाडांचा साठा अजून बनत असतो. ४५ च्या पुढे पाळी जाण्याचा काळ जवळ येतो आणि मग भरून यायला सवडच उरत नाही.

रेवाकाठची
घनता भरून येते म्हणता, पण हाड मोडायचं प्रमाण? म्हातारपणी खुबा मोडला तर ते कोण मोजणार आहे? तेवढी वर्षं पाठपुरावा कुणी केलाय?

डॉ_पिंपळपान
तिथे तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. तरुणपणी हे घेतलेल्या बायकांच्या सत्तरीतल्या हाडांबद्दल पक्कं उत्तर अजून नाही. काही अभ्यासांत हाड मोडण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, पण त्यातल्या एका मोठ्या अभ्यासात इंजेक्शन सुरू करायच्या आधीपासूनच त्या बायकांत ते जास्त होतं, म्हणजे कारण इंजेक्शनच असं म्हणता येत नाही.

सांजवारा
जाऊबाईंनी गावात शिबिरात तपासणी केली होती, पाय मशीनमध्ये ठेवायला सांगतात ती. कागदावर टी स्कोअर -१.७ लिहिलंय आणि त्यांना सांगितलं हाडं ठिसूळ व्हायला लागलीत, कॅल्शियमचा सहा महिन्यांचा कोर्स घ्या. इंजेक्शनचं कुणी विचारलंच नाही त्यांना. मिश्री लावतात त्या, ते पण सांगते. वजन ४३ किलो.

डॉ_पिंपळपान
तो टाचेचा अल्ट्रासाउंड, डेक्सा नव्हे, म्हणजे मणक्याची आणि खुब्याची घनता एक्स-रेने मोजतात ती तपासणी नव्हे. त्यावरून कुणाला ठिसूळ हाडांचं निदान करायचं नाही. आणि टी स्कोअर म्हणजे तुमचं हाड तिशीच्या आसपासच्या निरोगी बाईच्या हाडाशी ताडून बघणं, ते पाळी गेलेल्या बायकांसाठी. पाळीच्या वयातल्या बाईला तिच्या वयाच्या बायकांशी ताडतात, झेड स्कोअर, आणि तो उणे दोन किंवा त्याखाली असेल तर वयाच्या मानाने कमी म्हणतात. म्हणून -१.७ चा तो कागद घेऊन झोप घालवायची नाही.
पण तुम्ही शेवटी जे दोन लिहिलंत ना, मिश्री आणि ४३ किलो, मला त्या कागदापेक्षा ते महत्त्वाचं वाटतं. कमी वजन हाडांना वाईट आणि तंबाखूही. अजून विचारा: आधी साध्या पडण्याने हाड मोडलंय का, आईचा खुबा मोडला होता का, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्यात का, फिटचं औषध चालू आहे का. यातलं एखादं जरी हो निघालं तरी मी ४१ व्या वर्षी सात वर्षांनंतर साधन बदलायला सांगेन. त्या डेक्साच्या आधी हे करायचं, कारण डेक्सा जिल्ह्याच्या ठिकाणी, पैसे खर्चून, आणि निकाल काहीही आला तरी सल्ला तोच राहणार.

लीड्सचा_पाऊस
इंग्लंडमध्ये आहे, इथे हे इंजेक्शन खूप जणी घेतात. दर दोन वर्षांनी नर्स बसवून विचारते, धूम्रपान, वजन, घरात कुणाला ऑस्टिओपोरोसिस, आणि मग चालू ठेवायचं का ते ठरतं. स्कॅन कुणाचाच सरसकट करत नाहीत. पन्नाशीला बदलायला सांगतात. मी सहा वर्षं घेतलं मग चाळिशीत तांबी बसवली, मला तरी तांबीने पाळीला जास्त जातं, ते पण सांगायला हवं.

पाटीलवाडा
नाचणी आणि दूध वाढवलं तर इंजेक्शन चालू ठेवता येईल की. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिग्रॅ कॅल्शियम असतं.

डॉ_पिंपळपान
नाचणी अवश्य खावी, दिवसाला हजार मिग्रॅ कॅल्शियम लागतं आणि आपल्याकडे बहुतेक बायकांचं निम्मंही होत नाही. पण इथे हाड कमी होतंय ते इस्ट्रोजेन खाली गेल्यामुळे, कॅल्शियमने ती जागा भरत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या चालवायच्या.

सांजवारा
मग जाऊबाईंनी काय घ्यावं? त्यांना मूल नको आहे, दोन मुलं मोठी आहेत. ऑपरेशनला त्या घाबरतात.

डॉ_पिंपळपान
४१ ला कॉपर टी ३८० बसवली तर एकदाच, पाळी जाईपर्यंत चालते, त्यात हार्मोन नाही म्हणून हाडांचा प्रश्न नाही. पाळीला आधीच खूप जात असेल, रक्त कमी असेल तर आधी हिमोग्लोबिन बघा. नाहीतर दादांची बिनटाक्याची नसबंदी, पण त्यानंतर तीन महिने थांबून वीर्य तपासेपर्यंत दुसरं साधन लागतं. हवं ते ठरेपर्यंत एखादं इंजेक्शन घेतल्याने काही बिघडणार नाही. अचानक सोडून काहीच न घेणं मात्र नको, ४१ ला नको असलेलं बाळंतपण हाडांपेक्षा मोठी जोखीम आहे.

रेवाकाठची
या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. बाकी मिश्री सोडवायला कुणी मदत करणार आहे का त्या बाईला, तेही बघा.

सिस्टर_गोंदिया
सांजवारा, तांबी बसवायची असेल तर शेवटच्या इंजेक्शनचा परिणाम असेपर्यंतच बसवून घ्यायला सांग, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. येताना कार्ड आणा, शिबिराचा कागद पण आणा, फेकू नका. तालुक्याच्या रुग्णालयात तंबाखूमुक्ती समुपदेशन असतं का ते विचारून ठेव.

सांजवारा
हो, त्यांची पुढची तारीख ३ नोव्हेंबर आहे, त्याच दिवशी दोघी जातो. मी गोळ्या तूर्त ठेवून दिल्या, त्याच डॉक्टरांना विचारणार आहे कशासाठी दिल्यात ते. फॉलिक अॅसिड आणलं.

जाईजुई०५
धागा आत्ता वाचला. माझी लहान बहीण १७ वर्षांची आहे, तिला खूप रक्त जातं म्हणून एकांनी हेच इंजेक्शन सुचवलंय, वर्षभर द्यायचं म्हणे. वरचं वाचून आता कळत नाहीये काय करावं.

डॉ_पिंपळपान
इथे उत्तर देण्याइतकी माहिती नाही. तिचं हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्त गोठण्याची तपासणी झाली आहे का आधी? वयात येताना खूप रक्त जाणाऱ्या काही मुलींत रक्त न गोठण्याचा आजार लपलेला असतो. रिपोर्ट असतील तर नवीन धागा काढून लिहा, आणि ज्यांनी सुचवलं त्यांना विचारा की या वयात हाडांचं काय आणि हार्मोनशिवायची रक्तस्राव कमी करणारी गोळी आधी देऊन बघितली का.